बीआरएस जुळला म्हणून खुश होऊ नका (बँक बघायला बसलेल्या नव्या आर्टिकल्ससाठी)

ऑडिटला पहिल्यांदा गेलेल्या आर्टिकलच्या वाट्याला हमखास येणारं काम म्हणजे बँक. "तू कॅश-बँक बघून घे" असं म्हणून सिनियर स्वतः सेल्स नाहीतर जीएसटी घेऊन बसतो, कारण सगळ्यांचा समज असा की बँकेत बघायचंय काय, स्टेटमेंट आहे, टॅली आहे, क्लायंटने बीआरएस काढून ठेवलाय, बेरीज करा, टिका मारा, फाईलला लावा. मी पण आर्टिकलशिपचा बराच काळ हेच करत होते आणि मला वाटायचं की आपलं काम एकदम क्लीन आहे. म्हणून हे लिहितेय, आणि जरा सविस्तर लिहितेय.

नॉट प्रेझेंटेड मिळवायचे, नॉट क्लिअर्ड वजा करायचे हे तुम्हाला अकरावीच्या बुक-कीपिंगपासून येतंय, ते परत सांगत नाही. उलट माझं म्हणणं असं आहे की अडचण तिथेच आहे. परीक्षेत बीआरएस जुळला की मार्क मिळतात, त्यामुळे डोक्यात बसून जातं की जुळला म्हणजे बरोबर. ऑडिटमध्ये जुळलेला बीआरएस ही फक्त सुरुवात असते, खरं काम त्याच्या पुढे आहे.

का ते नीट बघा. बीआरएसला दोन टोकं असतात. एक बँकेची शिल्लक, ती बँकेच्या हातात. दुसरी पुस्तकातली शिल्लक, ती पूर्णपणे क्लायंटच्या हातात. मधली यादी या दोघांमधला फरक भरून काढते, बास. आता समजा कोणीतरी ३१ मार्चला पुस्तकात ९ लाखांची एक जमा टाकली जी कधी आलीच नाही. पुस्तकी शिल्लक ९ लाखांनी वाढली, बँकेची होती तिथेच राहिली, आणि हे ९ लाख आपोआप 'डिपॉझिटेड बट नॉट क्लिअर्ड' मध्ये जाऊन बसले. बीआरएस जुळला का? जुळला. एक रुपयाचाही फरक नाही. म्हणजे खोटी एंट्री असली तरी बीआरएस जुळतोच, कारण खोटी एंट्री सामावून घ्यायलाच ती मधली यादी आहे. हे मला कळायला जेवढा वेळ लागला तेवढा तुम्हाला लागू नये.

टॅलीत तर याच्या पुढची गंमत आहे. बँक रिकन्सिलिएशनच्या स्क्रीनवर खाली तीन आकडे दिसतात, Balance as per Company Books, मग Amounts not reflected in Bank, आणि शेवटी Balance as per Bank. हा तिसरा आकडा बँकेकडून आलेला नसतो! तो टॅलीने पहिल्या दोनांवरून काढलेला असतो. ज्या एंट्रीला Bank Date टाकलेली नाही, किंवा ३१ मार्चनंतरची टाकलीय, ती 'नॉट रिफ्लेक्टेड' मध्ये जाते, आणि उरलेलं गणित टॅली करतं. ती Bank Date कोण टाकतं? क्लायंटचा अकाउंटंट, हाताने. स्टेटमेंट इम्पोर्ट करून जुळवायची सोय आहे टॅलीत, पण छोट्या क्लायंटकडे अजूनही बरेच जण तारखा हातानेच भरतात. त्यामुळे प्रिंटआऊटवर 'बँकेप्रमाणे शिल्लक' छापलंय म्हणून ते बँकेचं म्हणणं समजू नका. शेजारी खरं स्टेटमेंट घ्या, ३१ मार्चची क्लोजिंग बघा, आणि बँकेने तुम्हाला थेट पाठवलेल्या कन्फर्मेशनशी लावा. हे तीन आकडे एक झाले तर छान. पण झाले तरी वर सांगितलेली ९ लाखांची गोष्ट जशीच्या तशी शिल्लक आहे हे विसरू नका.

मग करायचं काय? यादीतली एकेक ओळ तपासायची, आणि ती कुठल्या दिशेने तपासायची हे आधी ठरवायचं. ही दिशेची गोष्ट क्लासमध्ये कोणी धड शिकवत नाही, आणि गाईडमधली 'ऑडिट प्रोसिजर्स'ची यादी पाठ करून तर अजिबात कळत नाही.

बँक शिल्लक फुगवायची असेल तर दोनच सोपे रस्ते आहेत. एक, न आलेला पैसा आला म्हणायचं. दोन, गेलेला पैसा गेला असं लिहायचंच नाही. पहिल्या प्रकारात खोटी ओळ यादीत दिसते, म्हणून यादीतून स्टेटमेंटकडे जायचं: हा जो चेक जमा केला म्हणताय, तो एप्रिलच्या स्टेटमेंटमध्ये कुठल्या तारखेला आला ते दाखवा. दुसऱ्या प्रकारात मात्र ओळ यादीत नसतेच, त्यामुळे यादी कितीही घोटून वाचलीत तरी सापडणार नाही. तिथे उलटं जायचं, एप्रिलच्या स्टेटमेंटमधून यादीकडे: एप्रिलमध्ये जे चेक पास झाले त्यातले कुठले मार्चच्या सिरीजमधले आहेत, आणि ते सगळे ३१ मार्चच्या यादीत आहेत का. नवीन मुलं काय करतात, नॉट प्रेझेंटेडची यादी घेतात, प्रत्येक चेक एप्रिलमध्ये शोधतात, सापडला की टिक. हे करायचंच आहे, पण शिल्लक फुगवलीय का या प्रश्नाचं उत्तर त्यातून मिळत नाही. यादीत असलेला चेक पुस्तकात खर्ची पडलेलाच आहे, त्याने शिल्लक कमीच झालीय. धोका यादीत नसलेल्या चेकचा आहे.

म्हणून फील्डवर बसल्या बसल्या पहिली मागणी काय करायची, तर एप्रिलचं पूर्ण स्टेटमेंट, आणि ऑडिट जुलै-ऑगस्टमध्ये असेल तर तोपर्यंतचं. सोबत वापरलेल्या चेकबुकांची काउंटरफॉइल्स. क्लायंट म्हणेल मॅडम तुमचं वर्ष तर मार्चला संपलं, एप्रिलचं कशाला. द्या म्हणायचं, गोड बोलून द्या म्हणायचं, पण घेतल्याशिवाय उठायचं नाही.

आता एक केस सांगते. एमआयडीसीतला एक छोटा मॅन्युफॅक्चरर, करंट अकाउंट एका बँकेत, कॅश क्रेडिट दुसऱ्या बँकेत. ओळख पटू नये म्हणून आकडे बदललेत, रचना तशीच ठेवलीय. करंट अकाउंटची पुस्तकी शिल्लक ४८,६२,४०० रुपये. नॉट प्रेझेंटेड ११,३५,०००. नॉट क्लिअर्ड १७,२०,०००. बँकेने लावलेले चार्जेस जे पुस्तकात नव्हते ते ६,३००. गणित करा, बँकेची शिल्लक ४२,७१,१०० येते, आणि कन्फर्मेशन पण बरोबर ४२,७१,१०० चंच आलं. आता इथे फाईल बंद करायचा मोह किती होतो विचारू नका.

आधी नॉट क्लिअर्डचे १७,२०,००० उघडू. त्यातले ४,२०,००० मार्चअखेर भरलेले, २ एप्रिलला क्रेडिट आले. १ एप्रिलला बँका क्लोजिंगमुळे पब्लिकला बंद असतात, त्यामुळे २ तारीख एकदम नॉर्मल. उरलेल्यात ९ लाखांचा एकच चेक, पुस्तकात पावती ३१ मार्चची, आणि स्टेटमेंटमध्ये क्रेडिट थेट २३ एप्रिलला. इथे थांबायचं. आजकाल चेक ट्रंकेशनमध्ये चेकचा कागद फिरत नाही, इमेज जाते, भरलेल्या चेकचा निकाल एका कामाच्या दिवसात लागायचा, आणि ४ ऑक्टोबर २०२५ पासून तर क्लिअरिंग दिवसभर सलग चालतं, त्यामुळे बहुतेक चेकचं त्याच दिवशी कळतं. तेवीस दिवस कुठलाही चेक क्लिअरिंगमध्ये नसतो. तो ड्रॉवरमध्ये असतो, नाहीतर कस्टमरकडे असतो, नाहीतर अजून लिहिलेलाच नसतो. पे-इन स्लिप मागितली, तिच्यावर बँकेचा शिक्का २२ एप्रिलचा. मग चेकची इमेज मागितली, चेकवरची तारीख २० एप्रिलची. म्हणजे ३१ मार्चला हा पैसा बँकेत नव्हता, आणि हातातला चेक म्हणूनही दाखवता आला नसता कारण चेकच पुढच्या तारखेचा. ती उधारीच होती.

असं का करतील? तर सीसीवाल्या बँकेला द्यायची उधारीची यादी. किती पैसे उचलू द्यायचे हे ठरवताना बहुतेक बँका ९० दिवसांवरची उधारी धरत नाहीत, आणि हा कस्टमर ९० दिवस कधीच ओलांडून बसलेला. जुनी उधारी 'वसूल' झालेली दिसली की यादी तरुण दिसते. सांगायचा मुद्दा, विचित्र आयटम सापडला की त्याच्यामागे कोणाला कशाची घाई होती हे शोधा, ते बरेचदा बँकेच्या रकान्यात नसतं, दुसरीकडेच कुठेतरी असतं.

उरले ४ लाख. हा चेक जानेवारीत भरलेला. तीन महिने 'नॉट क्लिअर्ड'. अकाउंटंट म्हणाले, "अहो बँकेकडूनच पेंडिंग आहे, आम्ही फॉलोअप करतोय." जानेवारीचं स्टेटमेंट उघडलं तर एका दिवशी ४ लाख क्रेडिट, दुसऱ्या दिवशी ४ लाख डेबिट, खाली रिटर्न चार्जेस आणि त्यावरचा जीएसटी. चेक बाउन्स! बँकेने आपल्या बाजूने विषय संपवला, पुस्तकात मात्र पावती तशीच, त्यामुळे दर महिन्याला बीआरएसमध्ये ही ओळ पुढे सरकत राहिली. आणि गंमत अशी की रिटर्न चार्जेसचे काही रुपये पुस्तकात व्यवस्थित घेतलेले होते. म्हणजे चेक परत आल्याचं कोणाला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. ही ट्रिक लक्षात ठेवा, बँक चार्जेसच्या लेजरमध्ये रिटर्न चार्जेस शोधायचे आणि प्रत्येकासमोर कुठला चेक उलटवला ते बघायचं. अर्ध्या तासाचं काम आहे, मी आता प्रत्येक ऑडिटला करते.

नॉट प्रेझेंटेडचे ११,३५,०००. त्यातले ३,८५,००० मार्चच्या शेवटच्या आठवड्यातले, एप्रिलच्या पहिल्या दहा दिवसांत पास, विषय संपला. मग प्रत्येकी ३ लाखांचे दोन चेक, दोन्ही ३१ मार्चचे, एकाच सप्लायरच्या नावाचे, पास झाले १९ मेला. सप्लायर छोटा माणूस, पैशासाठी रोज फोन करणारा, तो ६ लाखांचे चेक पन्नास दिवस खिशात घालून फिरेल का? चेक लिहिले होते, दिले नव्हते. कंपनी ५० हजारांवरच्या चेकसाठी पॉझिटिव्ह पे वापरत होती, त्यात चेकची माहिती आपणच बँकेला आधी कळवतो, आणि ती अपलोड केल्याची तारीख होती १६ मे. सप्लायरच्या लेजर कॉपीत पण पावती मेमधलीच. लिहून ठेवलेला चेक म्हणजे पेमेंट नव्हे. ३१ मार्चला ते ६ लाख बँकेत कंपनीचेच होते आणि देणंही होतंच, दोन्ही परत उभं करायचं. इथे शिल्लक फुगवलेली नाही, दाबलेली आहे, त्यामुळे लोक म्हणतात जाऊ दे, कॉन्झर्व्हेटिव्हच आहे ना. अहो कॉन्झर्व्हेटिव्ह कसलं, देणी लपलीत! सप्लायर मायक्रो किंवा स्मॉलमध्ये रजिस्टर्ड असेल आणि ठरलेली मुदत उलटली असेल तर टॅक्समध्ये तो खर्च त्या वर्षी मिळत नाही, आणि वेळेत दिल्याचा देखावा याचसाठी करतात.

शेवटचे १,५०,००० म्हणजे तीन स्टेल चेक. त्यावर वेगळं लिहिते खाली, कारण तो विषय दिसतो किरकोळ आणि असतो चिवट.

आता उलट दिशेची तपासणी. मार्चमध्ये वापरलेल्या चेक नंबरांची सिरीज काढली आणि एप्रिलच्या स्टेटमेंटमधले पास झालेले नंबर शेजारी लिहिले. एक नंबर मार्चच्या मधल्या सिरीजमधला, २,७५,००० चा, ५ एप्रिलला पास झालेला, आणि यादीत नाही. टॅलीत एंट्री १ एप्रिलची, काउंटरफॉइलवर तारीख २८ मार्च. मशिनरी दुरुस्तीचं बिल. चेक मार्चमध्येच देऊन टाकलेला, पुस्तकात पुढच्या वर्षी ढकललेला. फक्त बीआरएस वाचत बसले असते तर हा जन्मात सापडला नसता.

आता मांडू. ४८,६२,४०० मध्ये स्टेलचे १,५०,००० आणि न दिलेले ६,००,००० परत मिळवा, त्यातून ९,००,००० आणि ४,००,००० वजा करा, ६,३०० वजा करा, २,७५,००० वजा करा. येतात ४०,३१,१००. दुसऱ्या बाजूने पडताळा, बँकेचे ४२,७१,१००, वजा खरोखर बाहेर असलेले चेक ३,८५,००० अधिक २,७५,०००, म्हणजे ६,६०,०००, मिळवा खरोखर क्लिअरिंगमध्ये असलेले ४,२०,०००. तेच, ४०,३१,१००. कन्फर्मेशनशी तंतोतंत जुळलेल्या बीआरएसमधून ८,३१,३०० चा फरक निघाला.

आणि हे ८,३१,३०० पण फसवेच आहेत, कारण ते नेट आहेत. वरच्या बाजूला १५,८१,३०० ची चूक आणि खालच्या बाजूला ७,५०,००० ची, दोघी एकमेकींना खातायत. मटेरिॲलिटी १० लाख असती तर कोणी हुशार माणूस म्हणाला असता की नेट फरक खाली आहे, सोडून द्या. पण बाउन्स झालेले ४ लाख बुडीत जायच्या वाटेवर आहेत, देणी जवळपास सात लाखांनी कमी दिसतायत, दुरुस्तीचा खर्च दुसऱ्या वर्षात गेलाय. हे वेगवेगळे विषय आहेत, बँकेच्या एका आकड्यात नेट करून मिटत नाहीत. प्रत्येक चूक वेगळी लिहायची.

आता स्टेल चेक. चेकची मुदत १ एप्रिल २०१२ पासून तारखेपासून ३ महिने आहे, त्याआधी ६ होती, आणि विश्वास ठेवा, अजूनही काही ऑफिसांत जुने अकाउंटंट काका ६ महिनेच धरून चालतात. ३१ मार्चच्या यादीत डिसेंबर किंवा त्याआधीची तारीख दिसली की तो चेक बँक पास करणारच नाही, त्यामुळे तो 'नॉट प्रेझेंटेड' राहूच शकत नाही. एंट्री उलटवायची, बँक डेबिट आणि देणं क्रेडिट. देणं हा शब्द महत्त्वाचा. बरेच जण थेट 'मिसलेनियस इन्कम' करून मोकळे होतात. चेकची मुदत संपली म्हणजे उधारीची मुदत संपली असं नाही, समोरचा उद्या दारात येऊन पैसे मागू शकतो. राइट-बॅक करायचं तर देणं खरंच उरलं नाही याचं कारण आणि मंजुरी दाखवा म्हणावं.

पण एंट्री उलटवली की स्टेल चेकचं ऑडिट झालं असंही नाही. माणूस हातात आलेला चेक वटवत का नाही? माझ्या मते हाच खरा प्रश्न आहे. चेक पोचलाच नसेल, हरवला असेल, रकमेवर भांडण असेल, कर्मचारी नोकरी सोडून गेला असेल, किंवा त्या नावाचा माणूसच नसेल. आपल्या केसमधल्या तीनपैकी ३५,००० चा सोडून गेलेल्या कामगाराच्या फुल अँड फायनलचा होता, ५०,००० चा एका ट्रान्सपोर्टरचा ज्याच्याशी बिलावरून वाद होता. दोन्हींचे चेक फाईलला होते, कॅन्सलचा शिक्का मारून. तिसरा ६५,००० चा. त्याच पार्टीला नंतर नवीन चेक दिलाय असं सांगितलं, आणि खरंच डिसेंबरात ६५,००० चा दुसरा चेक पास झालेला होता. म्हणजे एकाच बिलाचं पेमेंट पुस्तकात दोनदा पडलेलं, पार्टीचं लेजर ६५,००० ने उलटं डेबिटला. जुना उलटवला की लेजर बरोबर शून्यावर आलं. हे साधं निघालं. साधं नसतं निघालं तर? स्टेल चेक रद्द दाखवून तीच रक्कम भलत्याच नावाने काढणं हा कॅशियरच्या हातचा जुना खेळ आहे, कारण ज्याचे पैसे आहेत तो मागत नाहीये हे फक्त त्यालाच माहीत असतं. म्हणून मूळ चेक डोळ्यांनी बघा, नाही मिळाला तर स्टॉप पेमेंटचं पत्र बघा, आणि नवीन चेक कोणाच्या नावाने पास झाला ते त्याच्या इमेजवर बघा. लेजरमधल्या नॅरेशनवर विसंबू नका.

बाकी विचित्र आयटम ओळखायची फार थोर युक्ती नाही. मागच्या चार-पाच महिन्यांचे बीआरएस शेजारी ठेवा आणि कुठली ओळ हलत नाही ते बघा. खरा रिकन्सायलिंग आयटम पुढच्या महिन्यात आपोआप नाहीसा होतो, जो मुक्काम ठोकून बसलाय त्याच्यात काहीतरी आहे. 'डिफरन्स अंडर रिकन्सिलिएशन', 'मागील शिल्लक', 'बँकेची चूक' अशा नावाच्या ओळी, दहा-बारा व्यवहार मिळून एकच नेट रक्कम, राउंड फिगर, या दिसल्या की सुटं करून मागायचं. बँकेची चूक असते कधी कधी, नाही असं नाही, पण बँकेची चूक असेल तर बँकेला लिहिलेलं पत्र असतं आणि बँक ती उलटवते. पत्रच नसेल तर ती बँकेची चूक नाही.

आणि स्वतःच्याच एका खात्यातून दुसऱ्या खात्यात चेकने ट्रान्सफर, तेही ३१ मार्चला, दिसला तर खुर्ची पुढे ओढून बसा. आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास आहे, एनईएफटी त्याच्या वर्षभर आधीपासून. स्वतःचे पैसे हलवायला चेक कशाला लागतो? एका बँकेत जमा ३१ मार्चला घेतली आणि दुसरीकडचं नावे एप्रिलमध्ये टाकलं की तोच पैसा दोन ठिकाणी मोजला जातो. दोन्ही बीआरएस एकमेकांशेजारी ठेवल्याशिवाय हे दिसत नाही, आणि ऑफिसमध्ये दोन बँका दोन वेगवेगळ्या आर्टिकल्सना वाटून दिल्या की कोणालाच दिसत नाही. ही वाटणी मला अजिबात पटत नाही. सगळ्या बँका एकाच माणसाने बघाव्यात.

एवढं सगळं केलं तरी पायाखालची एक फळी मोकळी असते, ती म्हणजे स्टेटमेंट आणि कन्फर्मेशन खरं आहे का. पीडीएफ कोणीही एडिट करू शकतो. सत्यमचं आठवा, ७ जानेवारी २००९ च्या पत्रात रामलिंग राजूंनी मान्य केलं की पुस्तकातल्या ५,३६१ कोटींच्या कॅश आणि बँक शिल्लकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. तिथे बीआरएस जुळत नव्हता असं नव्हे, बँकेच्या बाजूचे कागदच खोटे होते, आणि कन्फर्मेशन पाठवणं-आणणं कंपनीच्याच हातात सोडलेलं होतं. म्हणून एसए ५०५ मध्ये ते 'कंट्रोल'चं एवढं लावून धरलंय. पत्र आपण पाठवायचं, पत्ता किंवा ईमेल बँकेच्या वेबसाइटवरून आपण काढायचा, उत्तर आपल्याकडे थेट यायला पाहिजे. क्लायंटने फॉरवर्ड केलेलं कन्फर्मेशन म्हणजे क्लायंटचाच कागद. पोरं लाजतात, मी पण लाजायचे, पण अकाउंटंटला नेट बँकिंग समोर लॉगिन करायला सांगायचं आणि स्टेटमेंट आपल्यासमोर डाउनलोड करून घ्यायचं यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. प्रामाणिक माणूस दोन मिनिटांत करून देतो.

सिनियरबद्दल एक बोलते. 'मागच्या वर्षीचा वर्किंग पेपर घे आणि आकडे बदल' असं सांगणारा सिनियर तुम्हाला लवकर घरी पाठवतो, पण शिकवत काही नाही. वर्किंग पेपर कॉपी केला की मागच्या वर्षी जे बघितलं नाही ते या वर्षी पण बघितलं जात नाही, आणि वर तुमची सही. आमचे सर उत्तर सांगायचेच नाहीत, फक्त विचारायचे "हा पास कधी झाला?" आणि निघून जायचे. तेव्हा राग यायचा. घाबरू मात्र नका, कारण दहातल्या बहुतेक बीआरएसमध्ये काहीही निघत नाही, चार्जेस राहिलेले असतात, एखादा स्टेल चेक असतो, एंट्र्या पास करून क्लायंट थँक्यू म्हणतो. प्रत्येक अकाउंटंटकडे चोर म्हणून बघायला लागलात तर दुसऱ्या दिवसापासून तो एकही कागद देणार नाही.

वर्किंग पेपरमध्ये 'व्हेरिफाइड, फाउंड ओके' लिहू नका हो. प्रत्येक मोठ्या ओळीसमोर पास झाल्याची तारीख, ती कुठल्या कागदावरून घेतली, आणि ३१ मार्चला ती ओळ खरी होती की नाही, एवढं लिहा. जे जुळलं नाही ते करेक्शनच्या यादीत टाका आणि क्लायंटला एंट्र्या द्या. आमच्या केसमध्ये चार्जेस, बाउन्स, स्टेल आणि दुरुस्तीचा चेक लगेच पास केला, ९ लाखांवर दोन दिवस वाद घातला, "मॅडम पैसे आलेच ना शेवटी" हे निदान दहा वेळा ऐकवलं, आणि चेकच्या इमेजची प्रिंट टेबलवर ठेवल्यावर पावती एप्रिलमध्ये नेली. ६ लाखांना शेवटपर्यंत नाही म्हणत होते. ते आम्ही अनकरेक्टेडच्या यादीत घेतलं, मॅनेजमेंट रिप्रेझेंटेशनला जोडलं, आणि पार्टनरच्या टेबलवर ठेवलं, कारण तो निर्णय आर्टिकलने घ्यायचा नसतो.